पंधरास दोन : विलीनीकरणाचा खरा हिशेब

दोन कंपन्यांचे विलीनीकरण झाले की वृत्तपत्रे विवाहाची भाषा बोलू लागतात. दोन घराणी एक झाली, दोघांचेही बळ वाढले, असा सूर निघतो. कामगार कार्यकर्त्याने मात्र लग्नपत्रिका बाजूला ठेवून याद्यांचा कागद मागावा. या व्यवहारात तो कागद म्हणजे भाग-विनिमयाचे प्रमाण. नव्या संसारात मालक कोण आणि आश्रित कोण, हे त्यातून उघड होते.

टाटा ऑइल मिल्स आणि हिंदुस्थान लिव्हर यांचे उदाहरण घेऊ. ‘हमाम’, ‘501’ आणि ‘मोती’ ही टाटा ऑइलची नावे घराघरांत रुळलेली होती. ही 1917 साली उभी राहिलेली कंपनी तोट्यात आली, आणि 1993 साली तिचे लिव्हरमध्ये विलीनीकरण जाहीर झाले. टाटा ऑइलच्या दर 15 भागांमागे लिव्हरचे 2 भाग, असे प्रमाण ठरले.

‘पंधरास दोन’ हे ऐकून मालकी दोन-सप्तदशांश झाली असे कोणी समजू नये. प्रमाण केवळ एका भागाची किंमत सांगते. मालकी काढायची तर त्याला भागांच्या संख्येने गुणावे लागते. टाटा ऑइलचे भाग सुमारे 2 कोटी 15 लाख होते. पंधराने भागून दोनने गुणले की लिव्हरचे सुमारे 28 लाख 67 हजार नवे भाग निघतात. लिव्हरचे स्वतःचे भाग सुमारे 14 कोटी होते. म्हणजे एकत्रित कंपनीत टाटा ऑइलच्या सगळ्या भागधारकांच्या वाट्याला जेमतेम दोन टक्के आले. ज्याला विलीनीकरण म्हटले, ते रोख पैसा न मोजता केलेली खरेदी होती.

परंतु गोष्ट येथे संपत नाही. लिव्हरमध्ये युनिलिव्हर या परदेशी मूळ कंपनीचा वाटा 51 टक्के होता. नवे भाग बाहेरच्यांना गेले की हा वाटा आपोआप घसरणार. हिशेब केला तर तो पन्नास टक्क्यांच्या किंचित खाली उतरत होता. दोन टक्क्यांची भर, पण तेवढ्यानेच निर्भेळ बहुमत हातचे जात होते! म्हणून त्याच योजनेत एक कलम आले. युनिलिव्हरला 29 लाख 84 हजार 347 भाग, प्रत्येकी 105 रुपयांनी, खास वाटपाने देण्यात आले. या दोन आकड्यांचे नाते पाहा. नवे भाग शंभर धरले तर युनिलिव्हरकडे 51 आणि टाटा ऑइलवाल्यांकडे 49 गेले. वाटा तसूभरही हलला नाही. आक्षेप घेणाऱ्यांनी न्यायालयात बाजारभाव 375 रुपये असल्याचे मांडले होते. तो धरला तर सुमारे 112 कोटींचे भाग सुमारे 31 कोटींत मिळाले. ऐंशी कोटींची ही सवलत कोणाच्या खिशातून गेली? उरलेल्या सर्व भागधारकांच्या!

या योजनेला कर्मचारी संघटना न्यायालयात आव्हान देत राहिल्या. मुंबई उच्च न्यायालयाने योजना मंजूर केली आणि 1994 च्या ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ती उचलून धरली. प्रमाण मान्य पद्धतींनी काढले आहे आणि भागधारकांच्या प्रचंड बहुमताने ते स्वीकारले आहे, अशी भूमिका न्यायालयाने घेतली. येथे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे की तोट्यातील कंपनीच्या भागधारकास हा सौदा तोट्याचा नव्हता. 375 च्या भावाने त्याच्या एका भागाचे पन्नास रुपये होत होते; त्याने मत दिले ते म्हणून. परंतु प्रमाण ‘न्याय्य’ आहे याचा अर्थ एवढाच की दोन भागधारक-गटांत किंमत बरोबर वाटली गेली. सत्ता कोणाकडे गेली, हा प्रश्न त्या शब्दात सामावतच नाही.

आणि कामगार? साबणाच्या कढईशी ज्याने आयुष्य घालवले, त्याच्यासाठी कोणतेच प्रमाण नव्हते. पूर्वीपेक्षा वाईट नाहीत अशा अटींवर नोकरी चालू राहील, एवढे आश्वासन त्याला मिळाले. लिव्हरच्या कामगाराएवढे वेतन मिळेल, असे नव्हे. एकत्र आले ते भांडवल. वेतनश्रेणी वेगळ्याच राहिल्या.

म्हणून साथींनो, पुढच्या वेळी विलीनीकरणाची योजना फलकावर लागेल तेव्हा प्रमाण वाचून थांबू नका. नवे भाग किती निघतात ते मोजा. त्यांनंतर सर्वांत मोठ्या भागधारकाचा वाटा किती उरतो ते काढा. मग तो भरून काढणारे खास वाटप कोणत्या कलमात दडले आहे आणि कोणत्या भावाने, ते शोधा. हे तीन आकडे हाती असले, की मालक कोण हे व्यवस्थापनाला विचारावे लागत नाही. मागणीपत्र कोणाच्या नावे लिहायचे, हेही मग आपोआप ठरते.