रोजेदाराचा भरवसा आणि आर्डुइनोचं घड्याळ

आर्डुइनो नॅनोचा स्वस्त क्लोन हाती आला की मुलं दिवे लुकलुकवतात आणि बोर्ड खणात पडतो. माझं मत असं, की त्यापेक्षा मशिदीसाठी सहेरी-इफ्तारीची वेळ दाखवणारं घड्याळ करावं. मात्र त्यावर लोक रोजा धरतात, सोडतात, म्हणून ते चुकून चालत नाही.

पहिली अडचण खुद्द बोर्डाची. नॅनोवर बहुधा सिरॅमिक रेझोनेटर असतो. त्याची चूक अर्ध्या टक्क्यापर्यंत जाऊ शकते, म्हणजे दिवसाला सात मिनिटं. त्यामुळे `millis()` वर घड्याळ चालवू नये. DS3231 नावाचं वेगळं घड्याळाचं मॉड्यूल जोडावं. ते वर्षभरात साधारण मिनिटभरच सरकतं आणि बटण सेलमुळे वीज गेली तरी चालू राहतं. स्वस्त मॉड्यूलवर सेल चार्ज करणारं सर्किट असतं, पण CR2032 हा सेल चार्ज करायचा नसतोच. तो लावायचा तर त्या सर्किटमधला रेझिस्टर आधी काढावा.

दुसरी अडचण प्रोग्रामची. नवखे लोक वेळ लावणारी ओळ `setup()` मध्ये तशीच ठेवतात. मग वीज जाऊन आली की घड्याळ प्रोग्राम कंपाइल केला त्या क्षणावर परत जातं. ओळखायची खूण सोपी आहे: प्लग काढा, दहा मिनिटांनी लावा. वेळ मागे गेली तर चूक हीच. वेळ एकदाच लावून ती ओळ काढावी आणि तिच्या जागी ही तपासणी ठेवावी:

```
if (rtc.lostPower()) {
  showDashes();
}
```

`showDashes()` हे फंक्शन आपणच लिहायचं. सेल संपून वेळ हरवली तर पडद्यावर नुसत्या रेघा दिसतील. खोटी वेळ सांगणाऱ्या घड्याळापेक्षा गप्प बसणारं घड्याळ बरं.

तिसरी गोष्ट वेळापत्रकाची. सूर्याचं गणित बोर्डावर करत बसू नये. आपल्या मशिदीत टांगलेला दायमी तक्ता उतरवून घ्यावा. 366 दिवसांच्या रोज सहा वेळा, प्रत्येकी दोन बाइट, म्हणजे 4392 बाइट होतात. नॅनोची रॅम फक्त 2 केबी आहे, म्हणून तक्ता `PROGMEM` वापरून फ्लॅशमध्ये ठेवावा. तिथे 32 केबी जागा असते.

तक्ता मात्र आपल्याच गावाचा हवा. नागपूर मुंबईच्या पूर्वेला सुमारे सहा अंशांवर आहे आणि एका अंशाला चार मिनिटं लागतात. मुंबईचा तक्ता नागपुरात वापरला तर सहेरी संपल्यावरही वीस-पंचवीस मिनिटं लोक खात राहतील. दोष कोणाचा, हे त्या रोजेदाराला कधी कळणारही नाही.

जमातच्या वेळा कमिटी बदलत असते. त्यासाठी दोन बटणं ठेवावीत. मुअज्जिनला लॅपटॉप लागत असेल तर ते घड्याळ मशिदीचं नाही, तुमचंच राहिलं. आणि रमजानआधी महिनाभर रोज मोबाइलच्या वेळेशी ताडून पाहिल्याशिवाय ते भिंतीवर लावू नये.