अम्मीचं स्टूल

जुन्या नाशकातल्या घरात अम्मी आयुष्यभर उकिडवी बसली. फ्लॅटमध्ये कमोड आला आणि "पोट साफ होत नाही" ही तक्रार सुरू झाली. कमोडवर चढून बसणं तर धोक्याचंच. मी सात इंच उंचीचं, रबरी पायांचं रुंद स्टूल कमोडसमोर ठेवलं. तळपाय पूर्ण टेकले, गुडघे कमरेच्या वर आले, अम्मी थोडी पुढे झुकली. अशा बसण्याने गुदमार्गाला बाक देणारा स्नायू सैलावतो, मार्ग बराच सरळ होतो. कुंथावं कमी लागतं. गुडघे किंवा खुबे दुखले तर कमी उंचीचं स्टूल घ्यावं. उठण्याआधी पाय जमिनीवर ठेवून स्टूल बाजूला सरकवावं. रक्त दिसलं तर मात्र डॉक्टरकडेच जावं. कमोड बसवताना म्हाताऱ्यांना कुणी विचारत नाही. निदान स्टूल तरी द्यावं.