विश्लेषण: गुगलच्या यादीत तुमचे दुकान ‘होम’ या नावाने का दिसते?

नेरुळमध्ये एखाद्याच्या घरी फ्रिज बंद पडतो. तो मोबाइल उघडून ‘फ्रिज दुरुस्ती नेरुळ’ असे शोधतो. समोर येणाऱ्या यादीत प्रत्येक संकेतस्थळाचे ठळक अक्षरांतील शीर्षक आणि त्याखाली दोन-तीन ओळींचे वर्णन असते. ग्राहक तेवढेच वाचतो आणि कुठे टिचकी मारायची ते ठरवतो. तिथे नुसते ‘होम’ किंवा ‘वेलकम टू अवर वेबसाइट’ दिसले, तर चार इमारती पलीकडचे दुकानही त्याच्या नजरेतून सुटते. या दोन गोष्टी दुकानदार स्वतः लिहू शकतो. मात्र अनेकदा त्या रिकाम्या राहतात किंवा नको तेवढ्या भरल्या जातात.

शीर्षक आणि वर्णन असते कुठे?

संकेतस्थळाच्या प्रत्येक पानाच्या कोडमध्ये, वरच्या भागात, या दोन ओळी असतात. पान उघडल्यावर वर्णनाची ओळ दिसत नाही, शीर्षक फक्त ब्राउझरच्या टॅबवर दिसते. वर्डप्रेससारख्या प्रणालीत कोडला हात लावावा लागत नाही. शीर्षक सहसा पानाच्या नावावरून आपोआप तयार होते. मुख्य पानाचे नाव ‘होम’ ठेवले, तर यादीतही ‘होम’ जाण्याची शक्यता असते. एसईओ प्लगिन बसवले, की दोन्हींसाठी वेगळे रकाने मिळतात.

नवी मुंबईत नेमकी अडचण काय?

पत्त्याची. १९७० मध्ये स्थापन झालेल्या सिडकोने हे शहर नोडनुसार वसवले आणि प्रत्येक नोडमध्ये सेक्टरचे क्रमांक पुन्हा एकपासून सुरू झाले. त्यामुळे सेक्टर १० वाशीत आहे, नेरुळमध्ये आहे आणि खारघरमध्येही आहे. शीर्षकात ‘सेक्टर १०, नवी मुंबई’ एवढेच लिहिले, तर ग्राहकाला दुकान कुठे आहे ते कळत नाही. खारघर तर पनवेल महापालिकेत येते, तरी तिथले रहिवासी पत्ता सांगताना नवी मुंबईच म्हणतात. म्हणून आधी नोडचे नाव, मग सेक्टर आणि जागा उरली तर ‘नवी मुंबई’, हा क्रम सोयीचा.

चांगले शीर्षक कसे लिहायचे?

समजा, नेरुळच्या सेक्टर १० मध्ये ‘अबक रेफ्रिजरेशन’ नावाचे दुकान आहे. त्याचे सध्याचे शीर्षक असे: ‘अबक रेफ्रिजरेशन – नवी मुंबईतील नंबर वन, स्वस्त फ्रिज दुरुस्ती, एसी दुरुस्ती, वाशी, नेरुळ, बेलापूर, खारघर, पनवेल’. मोबाइलवर यातला शेवटचा भाग कापला जातो. उरलेल्या भागात दुकानाचे नाव आणि ‘नंबर वन’ हा दावा दिसतो, पण ज्या ‘नेरुळ’साठी ग्राहक आला तो शब्द दिसेलच असे नाही.

शीर्षकाने तीन प्रश्नांची उत्तरे क्रमाने द्यावीत: काय मिळते, कुठे मिळते आणि कोणाकडे मिळते. दुकानाचे नाव शेवटी ठेवावे, कारण नवा ग्राहक नावाने नाही, कामाने शोधतो. फ्रिज दुरुस्तीच्या पानासाठी या दोन ओळी अशा होतील:

```html
<title>फ्रिज दुरुस्ती, नेरुळ सेक्टर १० | अबक रेफ्रिजरेशन</title>
<meta name="description" content="नेरुळ, सीवूड्स आणि जुईनगरमध्ये घरी येऊन फ्रिज दुरुस्ती. तपासणी शुल्क ३०० रुपये. सकाळी १० ते रात्री ८, सोमवारी बंद.">
```

वर्णनात ‘दर्जेदार सेवा’, ‘ग्राहकांचे समाधान’ असे शब्द नाहीत. फोन करण्याआधी ग्राहकाला जे विचारायचे असते, तेच आहे: कुठपर्यंत येता, किती घेता, कधी सुरू असता. हीच माहिती पानावरही असायला हवी. शुल्क वाढल्यावर पान बदलले आणि वर्णन तसेच राहिले, तर दारात वाद होणारच.

एसी दुरुस्तीच्या पानाचे शीर्षक आणि वर्णन वेगळे हवे. सगळ्या पानांवर एकच मजकूर चिकटवला, तर ग्राहकाला आणि गुगललाही पानांमधला फरक समजत नाही. भाषेचेही तसेच आहे. पान मराठीत असेल तर शीर्षक मराठीत, इंग्रजीत असेल तर इंग्रजीत ठेवावे.

किती अक्षरे चालतात?

‘साठ अक्षरांचे शीर्षक’ असा नियम सर्रास सांगितला जातो. गुगलने अशी मर्यादा ठरवलेली नाही. मजकूर पडद्याच्या रुंदीनुसार कापला जातो आणि देवनागरी अक्षरांची रुंदी रोमन अक्षरांपेक्षा वेगळी असते. त्यामुळे अक्षरे मोजत बसण्यापेक्षा महत्त्वाचे शब्द आधी घेणे बरे.

लिहिले तेच दिसेल का?

दर वेळी नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये गुगलने शीर्षक निवडण्याची पद्धत बदलली. त्यावर टीका झाल्यानंतर सप्टेंबरमध्ये कंपनीने सांगितले, की सुमारे ८७ टक्के वेळा पानाचे मूळ शीर्षकच वापरले जाते. शीर्षक अर्धवट असेल, जुने झाले असेल किंवा पानाशी जुळत नसेल, तर गुगल पानावरचा ठळक मथळा किंवा दुसरा मजकूर उचलते. वर्णनाबाबत हे अधिक घडते. शोधलेल्या शब्दांना पानावरचे एखादे वाक्य जास्त जुळले, तर तेच दाखवले जाते.

आणखी एक मर्यादा लक्षात ठेवावी. वर्णनाची ही ओळ क्रमांक ठरवण्यासाठी वापरत नसल्याचे गुगलने २००९ मध्येच स्पष्ट केले होते. तिचे काम यादीत दिसल्यावर ग्राहकाला थांबवण्याचे आहे. नकाशासोबत दिसणारी दुकानांची नावे ‘बिझनेस प्रोफाइल’मधून येतात. शीर्षक बदलल्याने ती बदलत नाहीत.

तपासायचे कसे?

गुगलच्या शोधपट्टीत `site:` लिहून लगेच पुढे, मध्ये जागा न सोडता, आपल्या संकेतस्थळाचा पत्ता टाकावा. गुगलकडे असलेली पाने यादीत दिसतात. एकच शीर्षक पुन्हा पुन्हा दिसले किंवा ‘होम’ दिसले, तर दुरुस्ती तिथून सुरू करावी. बदल लगेच दिसत नाही. त्याला काही दिवस, कधी काही आठवडे लागतात. सर्च कन्सोल या मोफत सेवेत प्रत्येक पान किती वेळा दिसले आणि त्यावर किती टिचक्या पडल्या हे कळते. पान बऱ्याचदा दिसते, यादीत वरही असते, पण टिचक्या कमी असतील, तर शीर्षक आणि वर्णन पुन्हा वाचून पाहावे.

मग चूक कुठे होते?

‘पहिल्या क्रमांकाची हमी’ देणाऱ्यांना पैसे मोजण्यात. अशी हमी कोणीही देऊ शकत नाही, असे गुगलच सांगते. दुसरा मोह प्रत्येक नोडसाठी एकच मजकूर आणि फक्त गावाचे नाव बदललेले पान बनवण्याचा. गुगलच्या नियमांत हा गैरप्रकार आहे आणि अशी पाने यादीतून बाहेर फेकली जाऊ शकतात. शिवाय ऐरोलीत माणूस पाठवायचाच नसेल, तर शीर्षकात ऐरोली लिहून काय मिळते? फोन येतो, नकार द्यावा लागतो आणि बंद फ्रिजसमोर उभ्या असलेल्या माणसाचा वेळ जातो. आपण जिथे खरोखर पोहोचतो, तेवढेच शीर्षकात लिहावे.