सोने बत्तीसपट वाढलेच नाही



धनत्रयोदशीच्या पुरवणीत आपण सोन्याचा जो आलेख छापलात, तो पाहून संताप आला. १९८०-८१ मध्ये दहा ग्रॅमला सुमारे १,५२० रुपये, २०२०-२१ मध्ये ४८,७०० रुपये, आणि वर ठळक मथळा, ‘चाळीस वर्षांत बत्तीसपट’! भाव खरे आहेत, पण मथळा खोटा आहे. १९८० चा रुपया आणि २०२० चा रुपया ही दोन वेगळी मापे आहेत. ती एकाच अक्षावर मांडली, तर कुठलीही वस्तू गगनाला भिडलेली दिसेल.

दुरुस्ती अवघड नव्हती. औद्योगिक कामगारांचा ग्राहक किंमत निर्देशांक दर महिन्याला जाहीर होतो. केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांचा महागाई भत्ता त्यावरच ठरतो. जुन्या भावाला आजच्या निर्देशांकाने गुणायचे आणि त्या वर्षीच्या निर्देशांकाने भागायचे, एवढेच. १९८२ हे आधारवर्ष धरले तर १९८०-८१ चा निर्देशांक ८१.३ येतो आणि २०२०-२१ चा सुमारे १,५६८. म्हणजे संसाराचा खर्चच १९.३ पट झाला. १,५२० ला १९.३ ने गुणले की २०२०-२१ च्या रुपयांत सोन्याचा जुना भाव २९,००० च्या वर जातो. तिथून ४८,७०० म्हणजे दीडपटीच्या थोडी वर. बत्तीसपट कुठे गेली?

त्याहून गंभीर गोष्ट मधल्या वर्षांत दडली आहे. आपल्या आलेखात १९९०-९१ चे ३,४५० रुपये २०००-०१ मध्ये ४,४७५ होतात आणि रेघ शांतपणे वर चढते. पण त्याच दहा वर्षांत निर्देशांक १९३ वरून ४४४ वर गेला होता. २०२०-२१ च्या रुपयांत मांडले, तर भाव सुमारे २८,००० वरून १५,८०० वर घसरला. मुलीच्या लग्नासाठी म्हणून १९९० मध्ये सोने घेऊन ठेवणाऱ्याची जवळजवळ निम्मी किंमत दहा वर्षांत गेली, आणि आपल्या आलेखात तो फायद्यात दिसतो. सोन्याची खरी चढण त्यानंतरची आहे. २०१०-११ मध्ये भाव, याच रुपयांत, ३६,००० वर पोहोचला. २०२१ नंतर तो आणखी बराच चढला, पण म्हणून ती हरवलेली दहा वर्षे रेघेखाली गाडून टाकता येत नाहीत.

हे काम घाईनेही करू नये. निर्देशांकाचे आधारवर्ष बदलत आले आहे: १९६०, १९८२, २००१ आणि आता २०१६. ऑगस्ट २०२० चा आकडा ३३८ होता आणि सप्टेंबरचा ११८.१. महिनाभरात काही महागाई कोसळली नाही, फक्त आधारवर्ष बदलले. अशा ठिकाणी सरकारने दिलेल्या लिंकिंग फॅक्टरने गुणावे लागते. इथे तो २.८८ आहे, म्हणजे सप्टेंबरचा आकडा जुन्या मालिकेत ३४० होतो. त्याआधीच्या दोन बदलांसाठी तो ४.६३ आणि ४.९३ आहे. हे न करता १९८०-८१ चा त्या वेळी जाहीर झालेला ४०१ आणि २०००-०१ चा ४४४ शेजारी ठेवले, तर वीस वर्षांत महागाई जेमतेम अकरा टक्के वाढली असे निघेल. निर्देशांकाच्या रेघेत एका महिन्यात असा कडा दिसला की जोड चुकली आहे हे ओळखावे. आणि हा निर्देशांक कामगार कुटुंबाच्या खर्चाचा आहे. घाऊक निर्देशांक घेतला तर उत्तर थोडे बदलेल, म्हणून कोणता घेतला हे आलेखाखाली एका ओळीत लिहायला हवे.

आकडेमोडीतला हाच अन्याय आता कायद्यातही आला आहे. जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पाने सोन्याच्या विक्रीवरील दीर्घकालीन नफ्यातून महागाई वजा करण्याची सवलत काढून टाकली. जमीन आणि घरे २३ जुलै २०२४ पूर्वी घेतलेली असतील, तर व्यक्तींना जुना पर्याय ठेवला. सोन्याला तोही नाही. दर २० वरून १२.५ टक्के केला हे खरे, पण कर कशावर? १९९०-९१ ते २०००-०१ सारखा काळ पुन्हा आला, तर सोन्याची किंमत जवळजवळ निम्मी झालेला माणूस कागदावरच्या हजार रुपयांच्या ‘नफ्यावर’ कर भरेल! पूर्वीची सवलतही पूर्ण नव्हती. तिच्या निर्देशांकात महागाईच्या वाढीचा पाऊण हिस्साच धरला जाई. कायद्यातल्या या बदलावर आपल्या पुरवणीत एक ओळ नाही.

पुढच्या अंकात हाच आलेख महागाई वजा करून, तेवढ्याच आकारात आणि पहिल्याच पानावर छापा, ही माझी मागणी आहे.

– एक वाचक, सातारा