सकाळचं पहिलं पाणी माठात भरू नका

तुमची इमारत वीस-पंचवीस वर्षांहून जुनी असेल आणि पाइपलाइन मूळचीच असेल, तर तुमच्या स्वयंपाकघरात येणारा पाइप बहुधा जीआयचा आहे. जीआय म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी पाइप. सकाळी नळ उघडला की आधी थोडं पिवळसर, कधी विटकरी पाणी येतं आणि मग स्वच्छ होतं, हा अनुभव अशा घरांत रोजचा. हा रंग गंजाचा असतो. लोह थोडं जास्त पोटात गेलं म्हणून निरोगी माणसाचं सहसा फारसं बिघडत नाही. चव बिघडते, कपड्यांना डाग पडतात. खरी काळजी शिशाची करायची, आणि शिशाला रंग नाही, वास नाही, चव नाही.

शिसं येतं कुठून, असा प्रश्न पडेल. पूर्वी मुलाम्यासाठी जे जस्त वापरत, त्यात एखादा टक्का शिसं असणं सर्रास होतं. मुलामा झिजतो तसं ते सुटतं आणि पाइपच्या आतल्या गंजाच्या थरात धरून राहतं. पुढे एखाद्या दिवशी गंजाची खपली निघाली की तिच्याबरोबर तेही तुमच्या भांड्यात येतं. दुसरी जागा पितळी नळ आणि व्हॉल्व्ह. पितळ लेथवर नीट कापलं जावं म्हणून त्यात मुद्दाम शिसं घालतात, आणि भंगार वितळवून ओतलेल्या स्वस्त नळात ते किती असेल याचा नेम नाही. तिसरी जागा ऐकून बऱ्याच जणांना धक्का बसतो, ती म्हणजे पांढरे-करडे पीव्हीसी पाइप. आपल्याकडे वर्षानुवर्षं पीव्हीसीत शिशाचे क्षार घालत आले. ते बंद करण्याचे नियम केंद्र सरकारने 2021 मध्ये काढले. म्हणजे त्याआधी बसवलेला प्लास्टिकचा पाइप गंजत नाही हे खरं, पण तो शिसंमुक्त असेलच असं धरून चालू नका.

शिशाची सुरक्षित अशी मात्रा माहीत नाही, असं जागतिक आरोग्य संघटनाच सांगते. शरीर त्याला कॅल्शियमसारखं वागवतं आणि हाडांत साठवतं. लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीवर त्याचा परिणाम होतो, आणि बाटलीने दूध पिणारं बाळ आपल्या वजनाच्या मानाने सर्वांत जास्त पाणी पितं. आपल्या भारतीय मानकात पिण्याच्या पाण्यातल्या शिशाची मर्यादा लिटरला 0.01 मिलिग्रॅम आहे.

आता मुद्द्याचं. पाणी पाइपात जितका वेळ थांबून राहील, तितकं त्यात जास्त उतरतं. रात्रभर थांबलेलं पाणी सर्वांत वाईट. त्याच पाइपातून वाहतं पाणी बरंच बरं. म्हणून थांबलेलं पाणी आधी जाऊ द्यायचं. किती जाऊ द्यायचं, हे अंदाजाने ठरवू नका, मोजा. अर्ध्या इंची पाइपच्या एका मीटरमध्ये साधारण 200 मिलिलिटर पाणी मावतं, एक इंचीच्या मीटरमध्ये अर्ध्या लिटरहून थोडं जास्त. समजा गच्चीवरच्या टाकीतून तुमच्या मजल्यापर्यंत एक इंची उभी लाइन 12 मीटर आहे आणि तिथून स्वयंपाकघराच्या नळापर्यंत अर्धा इंची पाइप 8 मीटर. उभ्या लाइनीत सुमारे 7 लिटर, घरातल्या पाइपात दीड लिटरच्या आसपास, मिळून नऊ लिटरही नाहीत. नवं पाणी जुन्यात मिसळत पुढे येतं, म्हणून दुप्पट धरा. झाली एक 20 लिटरची बादली. ती ओतून देऊ नका. लादी पुसा, संडासात वापरा, भांडी विसळा.

शेजारी पहाटेच उठून पाणी वापरत असतील तर सामाईक उभी लाइन आधीच मोकळी झालेली असते आणि मग तुमच्या वाट्याचे तीन-चार लिटर पुरतात. पण एक चूक बहुतेक घरांत होते: सगळ्यांच्या आंघोळी झाल्या म्हणजे पाणी वाहून गेलं, असं समजतात. न्हाणीघराचा फाटा वेगळा आणि स्वयंपाकघराचा वेगळा असतो. न्हाणीघरात दहा बादल्या गेल्या तरी ओट्यावरच्या नळाच्या फाट्यातलं पाणी रात्रीपासून तिथेच असतं. ज्या नळाचं पाणी पिता, तोच नळ सोडा. गावाहून चार दिवसांनी परत आलात तर आणखी जास्त सोडा. आणि माठ भरताना नळ धो-धो उघडू नका, जोराच्या धारेने तळाचा गाळ आणि गंज उठतो.

नळाच्या तोंडाशी जाळी असेल तर महिन्यातून एकदा काढून धुवा. तिच्यात अडकलेल्या काळ्या-तांबड्या कणांवरून लिटरच्या लिटर पाणी जात असतं. गीझरचं पाणी डाळ-तांदळाला किंवा बाळाच्या दुधाला घेऊ नका. गरम पाण्यात धातू लवकर उतरतो. पाणी उकळून शिसं जात नाही, उलट पाणी आटून त्याचं प्रमाण वाढतं. यूव्ही दिवा जंतू मारतो, शिशाला काही करत नाही. आरओ मात्र ते बऱ्यापैकी काढतो.

उन्हाळ्यात धरणाचं पाणी कमी पडून सोसायटी टँकरवर जाते, तेव्हा जरा जास्त सावध राहा. पाइपच्या आत जमलेला थर ठरावीक पाण्याला सरावलेला असतो. पाणी बदललं की तो सुटू शकतो. अमेरिकेत मिशिगनमधल्या फ्लिंट शहरात 2014 मध्ये नेमकं हेच झालं: पाण्याचा स्रोत बदलला, गंजरोधक घातलं नाही, आणि जुन्या शिशाच्या पाइपांतलं शिसं घराघरांत गेलं.

नळ सोडणं हा तात्पुरता इलाज आहे. गंजाच्या खपल्या कधी सुटतील सांगता येत नाही, त्यामुळे कायमचा उपाय पाइप बदलणं हाच. इथे प्लंबरचं एक काम डोळ्यांत तेल घालून बघा. जुन्या जीआय पाइपला मधेच तांब्याचा किंवा पितळेचा लांब तुकडा जोडू नका. दोन धातू पाण्यात भिडले की जस्त आणि लोखंड झपाट्याने खाल्लं जातं. अर्धवट बदलण्यापेक्षा टाकीपासून नळापर्यंत एकच लाइन बदला. सीपीव्हीसी किंवा पीपीआर घेणार असाल तर पाइपवर आयएसआयचा शिक्का छापलेला आहे का ते दुकानातच वाचा आणि शिसंमुक्त असल्याचं बिलावर लिहून घ्या. स्वयंपाकघरातला एक नळ स्टेनलेस स्टीलचा बसवा. सगळं घर बदलणं परवडत नसेल तर तेवढ्यापासून सुरुवात करा. नवी लाइन बसली की पहिले काही दिवस ती भरपूर वाहू द्या.

आणि मोजल्याशिवाय यावर वाद घालू नका. टीडीएस मीटर दाखवून «आमचं पाणी उत्तम» म्हणणारे भेटतील. तो मीटर एकेका मिलिग्रॅमने मोजतो आणि शिशाची मर्यादा त्याच्या शंभराव्या हिश्शाइतकी आहे; त्याला ते दिसणारच नाही. मान्यताप्राप्त प्रयोगशाळेतून दोन बाटल्या आणा. एक सकाळी, कुणीही नळ उघडण्याआधी भरा. दुसरी बादलीभर पाणी सोडल्यावर. पहिलीत शिसं जास्त आणि दुसरीत कमी आलं तर दोष तुमच्या घरातल्या नळात किंवा फाट्यात आहे. दोन्हीत जास्त आलं तर तो टाकीत, उभ्या लाइनीत किंवा येणाऱ्या पाण्यातच आहे आणि विषय सोसायटीचा होतो. येत्या सर्वसाधारण सभेत रंगकामाच्या आधी हा विषय मांडा, अहवाल हातात घेऊनच मांडा, आणि तोवर घरात बाटलीचं बाळ असेल तर त्याचं पाणी आरओचंच ठेवा.