मखमलीची लव
मखमल घेण्याआधी पॅटर्नमधला लवेच्या कापडाचा आराखडा बघावा, साध्याचा नव्हे. आठ कळ्यांचा घागरा धरा: शिवणीसह कळी वर १२, खाली ३०, उंच ९० सेंटिमीटर, पन्हा १००. सुती कापडावर उलटसुलट मांडल्या की ओळीत चार कळ्या बसतात, १८० सेंटिमीटरांत भागतं. मखमलीची लव सगळ्या कळ्यांना एकाच दिशेने हवी. मग ओळीत तीनच, आणि लागतात २७०. कोण एवढं बघतंय, म्हणाल. पण उलटी कळी उजेडात चक्क वेगळ्या रंगाची दिसते. आडव्या घडीतही खालच्या थराची लव उलटते, म्हणून घडीवर कापून तो थर फिरवून ठेवावा लागतो. काटकसरच करायची, तर कळी खाली २५ची करा: पुन्हा ओळीत चार बसतात.