टिपणांपासून निकालापर्यंत

विष्णुभट गोडसे यांचा ‘माझा प्रवास’ वाचताना काढलेली टिपणे बहुधा पानांच्या क्रमाने साचतात. ती तशीच जोडली तर कथासार होते, परीक्षण होत नाही. म्हणून प्रत्येक टिपणाशी पानाचा आकडा आणि ‘पाहिले’, ‘ऐकले’ किंवा ‘माझे मत’ अशी खूण हवी. १८५८च्या वेढ्यात गोडसे झाशीतच होते. शहरातली कत्तल आणि लूट ‘पाहिले’खाली जाते. झाशीच्या राणीचा ग्वाल्हेरजवळचा शेवट ‘ऐकले’खाली. सारांशात दोन्ही येतील, पण मूल्यमापनात त्यांचे वजन सारखे धरता येणार नाही. शिवाय हे लेखन घटनांनंतर कित्येक वर्षांनी झाले आणि १९०७ साली चिंतामणराव वैद्यांच्या संपादनाने छापले गेले. म्हणून कोणती आवृत्ती वाचली, तेही आरंभीच सांगावे.

अशा वर्गवारीने वाचनातला ताजेपणा हरवतो, असा आक्षेप येतो. पण पहिली प्रतिक्रिया ‘माझे मत’ या खुणेखाली शाबूत राहते. फक्त तिला पुराव्याचे पान द्यावे लागते. पान सापडत नसेल, तर ते मत निकालात घेऊ नये. इथे निकाल असा निघतो: वेढ्यातल्या झाशीसाठी हे पुस्तक मोलाची साक्ष आहे, राणीच्या अखेरीसाठी मात्र इतर साधने पाहिलीच पाहिजेत.